चांदीच्या भुकटीचा आलेख वाचताना

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तुळशीच्या किंवा कडुनिंबाच्या पानांचा अर्क घातला की थोड्या वेळात द्रावणाचा रंग तपकिरी होतो. ते फिरवून, धुऊन, वाळवून हाती येते ती चिमूटभर काळपट भुकटी. रसायनशास्त्राचे आणि भौतिकशास्त्राचे अनेक विद्यार्थी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हा प्रयोग करतात. भुकटी बनवणे सोपे आहे, खरे काम त्यानंतर सुरू होते. ही चांदीच आहे का? तिच्यातल्या अणूंची मांडणी कशी आहे, दोन अणूंमधले अंतर किती? आणि ही भुकटी ‘नॅनो’ म्हणायची तर तिचे स्फटिक नेमके किती बारीक आहेत?

या सगळ्याची उत्तरे एकाच आलेखात असतात. प्रयोगशाळेत त्याला ‘एक्सआरडी’ म्हणतात, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचा आलेख. भुकटी एका उथळ खाचेत सपाट दाबून बसवतात. तिच्यावर एका बाजूने क्ष-किरण पडतात आणि दुसऱ्या बाजूला शोधक कमानीसारखा हळूहळू वर सरकत जातो. प्रत्येक कोनाला किती किरण आले ते यंत्र नोंदवते. आडव्या अक्षावर कोन, उभ्या अक्षावर तीव्रता. बहुतेक ठिकाणी रेघ सपाट असते आणि मधेच काही टोकदार शिखरे उभी राहतात. चांदीच्या बाबतीत साधारण ३० ते ९० अंशांच्या पट्ट्यात अशी पाच शिखरे दिसतात.

ही शिखरे ठरावीक कोनांनाच का येतात, हे समजून घेण्यासाठी नारळाची किंवा द्राक्षाची नीट आखून लावलेली बाग आठवावी. बागेच्या कडेने जाताना समोरच्या रांगा दिसतात, थोडे पुढे गेले की तिरप्या रांगा उलगडतात, आणखी पुढे वेगळ्याच दिशेच्या. झाडे तीच, पण रांगा अनेक, आणि प्रत्येक दिशेच्या रांगांमधले अंतर वेगळे. स्फटिकातले अणूही असेच आखून बसलेले असतात. त्यांच्यातून अनेक दिशांनी समांतर प्रतले कल्पिता येतात. एका प्रतलावरून परतलेली लहर आणि खालच्या प्रतलावरून परतलेली लहर यांच्या प्रवासात थोडा फरक पडतो. हा फरक बरोबर एका तरंगलांबीएवढा झाला की लहरी एकमेकींना बळ देतात आणि शिखर उभे राहते. ते अंतर आणि तो कोन यांना जोडणारे सूत्र लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये मांडले:

λ = 2d sinθ

यात λ म्हणजे क्ष-किरणांची तरंगलांबी, d म्हणजे प्रतलांमधले अंतर, आणि θ म्हणजे किरण प्रतलाशी करतो तो कोन. आलेखावर मात्र २θ छापलेला असतो, कारण यंत्र मूळ किरण आणि परतलेला किरण यांच्यातला कोन मोजते. म्हणून आकडेमोडीत पहिले काम असते ते कोनाचे निम्मे करण्याचे. हे विसरल्याने झालेल्या चुका पुढे कुठेही सुधारत नाहीत. वडील विल्यम आणि मुलगा लॉरेन्स या दोघांना १९१५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा लॉरेन्स २५ वर्षांचे होते.

भुकटी का लागते, तर तिच्यात असंख्य बारीक स्फटिक वाटेल त्या दिशेने पडलेले असतात. कुठल्याही कोनाला काही स्फटिक नेमके योग्य दिशेने बसलेले सापडतातच, आणि सगळ्या प्रतलांची शिखरे एकाच फेरीत मिळतात.

आता प्रत्यक्ष चांदीचा आलेख घेऊ. बहुतेक यंत्रांत तांब्याच्या नळीतून निघणारे किरण वापरतात, त्यांची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. या किरणांना चांदीची पाच शिखरे २θ च्या ३८.१२, ४४.३०, ६४.४५, ७७.४० आणि ८१.५४ अंशांवर येतात. प्रत्येक कोनाचे निम्मे करायचे, त्याचे साइन काढायचे आणि त्याचा वर्ग करायचा. पाच संख्या मिळतात: ०.१०६६, ०.१४२२, ०.२८४४, ०.३९०९ आणि ०.४२६४.

या संख्यांकडे नुसते पाहून काही कळत नाही. पण सगळ्यांना पहिलीने भागले की १, १.३३, २.६७, ३.६७ आणि ४ येतात. हे तृतीयांश पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून तिनाने गुणायचे. ३, ४, ८, ११, १२. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने हा हिशेब करताना दशांशांच्या गर्दीतून असे पूर्णांक बाहेर येतात, तेव्हा वाटणारे समाधान मला आजही या विषयाच्या जवळ ठेवते.

घनाकार मांडणीत प्रत्येक प्रतलाला तीन पूर्णांकांची ओळख दिलेली असते, उदाहरणार्थ (१११) किंवा (२००). या तीन अंकांच्या वर्गांची बेरीज म्हणजेच वर आलेली संख्या. १+१+१ म्हणजे ३, ४+०+० म्हणजे ४, (२२०) चे ८, (३११) चे ११, (२२२) चे १२. मग १ आणि २ कुठे गेले? साध्या घनात, जिथे फक्त कोपऱ्यांवर अणू असतात, तिथे १, २, ३, ४ अशी सगळी शिखरे दिसली असती. चांदीत कोपऱ्यांबरोबरच घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मधोमध एक अणू असतो. त्यामुळे काही प्रतलांच्या अगदी मध्यावर तसेच आणखी एक प्रतल येते. त्याची लहर बरोबर उलटी पडते आणि शिखर पुसले जाते. तिन्ही अंक सम किंवा तिन्ही विषम असलेली प्रतलेच टिकतात. लोखंडासारख्या, घनाच्या मध्यभागी अणू असलेल्या रचनेत २, ४, ६, ८ ही मालिका येते, म्हणजे पहिल्या दोन संख्यांचे प्रमाण १ ला २. चांदीत ते ३ ला ४ आहे. इथे रचना ठरली: पृष्ठकेंद्रित घन. जी शिखरे दिसत नाहीत, त्यांनीच हा निर्णय दिला.

रचना ठरली की घनाच्या बाजूची लांबी काढायला एक ओळ पुरते. प्रतलांमधल्या अंतराला त्या पूर्णांकाच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या शिखरावरून d येतो २.३५९ अँगस्ट्रॉम, त्याला ३ च्या वर्गमुळाने गुणले की ४.०८६. शेवटच्या शिखरावरून d येतो १.१७९६, त्याला १२ च्या वर्गमुळाने गुणले की पुन्हा ४.०८६. चांदीची स्वीकारलेली किंमत हीच आहे.

इतके चांगले जमले की माणूस निर्धास्त होतो, आणि इथेच सावध राहायला हवे. सोन्याची रचनाही पृष्ठकेंद्रित घनच आहे आणि त्याच्या घनाची बाजू आहे ४.०७९ अँगस्ट्रॉम. चांदीपेक्षा फरक फक्त ०.००७. समजा भुकटी भरताना ती खाचेच्या कडेपेक्षा ०.१ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीइतकी, वर राहिली. यंत्राची त्रिज्या २०० मिलिमीटर असेल तर पहिले शिखर तेवढ्यानेच सुमारे ०.०५ अंशांनी पुढे सरकते, आणि हिशेबात बाजू येते ४.०८०. चांदी मोजली आणि उत्तर सोन्याचे आले! भुकटी खाली दबली असती तर शिखर मागे सरकून उत्तर ४.०९२ आले असते, आणि एखाद्याने त्याचे श्रेय ‘नॅनो आकारामुळे जाळी प्रसरण पावली’ या खुलाशाला दिले असते.

ही चूक पकडता येते. पृष्ठभाग वरखाली झाल्याचा परिणाम लहान कोनांवर मोठा आणि मोठ्या कोनांवर लहान असतो. वरच्याच उदाहरणात पहिल्या शिखरावर ०.००६ ची चूक होते, तर शेवटच्या शिखरावर ०.००२ चीच. म्हणून बाजूची लांबी प्रत्येक शिखरावरून वेगवेगळी काढून पाहावी. ती कोनाबरोबर एकाच दिशेने सरकत गेली, तर दोष भुकटी भरण्यात असण्याची शक्यता सर्वांत मोठी. यावर भरवशाचा उपाय म्हणजे भुकटीत थोडी प्रमाणित सिलिकॉनची भुकटी मिसळणे. सिलिकॉनची शिखरे कुठे यायला हवीत हे अगदी नेमके ठाऊक असते. ती जेवढी सरकली, त्यावरून चांदीची दुरुस्ती करता येते. केवळ पहिल्या शिखरावरून काढलेला, चौथ्या दशांशापर्यंत लिहिलेला आकडा दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

वनस्पतींच्या अर्कातून बनवलेल्या चांदीच्या आलेखात आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. पाच शिखरांखेरीज २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांवर तीन पाहुणी शिखरे असतात. अनेक अहवालांत त्यांच्यापुढे ‘अर्कातील सेंद्रिय घटकांमुळे’ एवढेच लिहिलेले आढळते. आपण वरचाच हिशेब त्यांना लावू. निम्मे कोन, साइन, वर्ग: ०.०५७७, ०.०७६९, ०.१५३९. पहिलीने भागून तिनाने गुणले की ३, ४, ८. म्हणजे हाही एक पृष्ठकेंद्रित घन आहे, आणि त्याची बाजू येते ५.५५ अँगस्ट्रॉम. ही सिल्व्हर क्लोराइडची ओळख आहे. पानांच्या अर्कात क्लोराइड असतेच, नळाच्या पाण्यात ते आणखी असते, आणि चांदीला क्लोराइड भेटले की हा क्षार बनायला वेळ लागत नाही. या पदार्थात ३२.२ अंशांचे शिखर सर्वांत उंच असते, तेही पडताळून पाहावे. ज्या भुकटीत हे शिखर ठळक आहे, तिला शुद्ध चांदी म्हणणे चुकीचे आहे. जंतुनाशक गुणांची चाचणी त्याच भुकटीवर होणार असेल, तर ही चूक तिथपर्यंत पोहोचते.

आता तिसरा प्रश्न, आकाराचा. माझ्या मते संपूर्ण एक्सआरडीत सर्वांत जास्त गैरवापर झालेली जागा हीच आहे.

मोठ्या स्फटिकात हजारो प्रतले एकाखाली एक असतात. कोन योग्य जागेपासून किंचित जरी हलला, तरी वरच्या प्रतलाची लहर खूप खोलवरच्या कुठल्यातरी प्रतलाच्या लहरीने खोडली जाते. म्हणून शिखर अरुंद असते. स्फटिक बारीक असला की ती खोलवरची प्रतले मुळात नसतातच. खोडण्याचे काम अर्धवट राहते आणि शिखर पायाशी पसरते. स्फटिक जितका बारीक, तितके शिखर रुंद. पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये याचे सूत्र दिले:

D = Kλ / (β cosθ)

D म्हणजे स्फटिकाची जाडी, β म्हणजे शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी, आणि K हा स्फटिकाच्या आकारावर अवलंबून असलेला गुणक, जो साधारणपणे ०.९ धरतात. रुंदी अंशांत नव्हे, रेडियनमध्ये घालायची असते. अंशच घातले तर उत्तर हास्यास्पद लहान येते. उदाहरणार्थ, ३८.१२ अंशांच्या शिखराची रुंदी ०.५० अंश आहे असे धरू. रेडियन न करता उत्तर येईल २.९ अँगस्ट्रॉम, म्हणजे चांदीच्या एका घनापेक्षाही लहान! ही चूक लगेच लक्षात येते. θ च्या जागी २θ चा कोसाइन घेतला तर मात्र उत्तर फक्त पाचवा भाग जास्त येते आणि कुणालाच खटकत नाही.

सगळे बरोबर घातले तर ०.५० अंशांवरून उत्तर येते सुमारे १७ नॅनोमीटर. बहुसंख्य विद्यार्थी इथे थांबतात. पण या रुंदीत यंत्राचाही वाटा आहे. झिरी, नळी, शोधक यांच्यामुळे अगदी मोठ्या, निर्दोष स्फटिकाचे शिखरही थोडे रुंद येते. तो वाटा काढण्यासाठी त्याच मांडणीत प्रमाणित भुकटीचा आलेख घ्यावा लागतो. समजा तिथे रुंदी ०.१० अंश आली. शिखराचा आकार लॉरेंट्झियन, म्हणजे टोकदार माथ्याचा आणि लांब पायांचा, असेल तर सरळ वजाबाकी चालते: ०.४० अंश. आता उत्तर येते २१ नॅनोमीटर. म्हणजे प्रतलांचे जेमतेम ९० थर. शिखर घंटेच्या आकाराचे, गाउसियन, असेल तर रुंदींच्या वर्गांची वजाबाकी करतात आणि उत्तर १७ च्याच आसपास राहते. म्हणून शिखराचा आकार कोणता धरला, हे अहवालात सांगावे लागते. आपण पुढे लॉरेंट्झियन धरून चालू. तांब्याच्या नळीतून जवळजवळ सारख्या तरंगलांबीचे दोन किरण येतात, त्यामुळे मोठ्या कोनांवर प्रत्येक शिखराचे जोडशिखर होते. रुंदी मोजण्याआधी त्यातला दुसरा भाग सॉफ्टवेअरने वजा करावा, नाहीतर तोही आकार म्हणून मोजला जातो.

२१ नॅनोमीटर हेही अंतिम उत्तर नाही. स्फटिकाच्या आत अणूंच्या रांगा कुठे ताणलेल्या, कुठे दाबलेल्या असतील, तर d थोडा कमीजास्त होतो आणि त्यानेही शिखर रुंदावते. रुंदी एकच, कारणे दोन. ती वेगळी कशी करायची? दोन्ही कारणांचा परिणाम कोनाबरोबर वेगवेगळ्या वेगाने वाढतो. विल्यमसन आणि हॉल यांनी १९५३ मध्ये याचाच उपयोग केला. त्यांचे समीकरण असे:

β cosθ = Kλ/D + 4ε sinθ

इथे ε म्हणजे आतला ताण, म्हणजे रांगांमधल्या अंतरात सरासरी किती फरक पडला आहे ते प्रमाण. शिखरे मांडून सरळ रेषा काढली की तिचा उतार ताण सांगतो आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते ती जागा आकार सांगते.

आपल्या उदाहरणात शेवटचे शिखर, (२२२), घेऊ. स्फटिक खरोखर २१ नॅनोमीटरचे आणि ताणरहित असते, तर या शिखराची दुरुस्त रुंदी ०.५० अंश यायला हवी होती. समजा मोजली तेव्हा ०.६५ आली. जास्तीची रुंदी ताणाची आहे. समीकरणात (१११) आणि (२२२) या दोघांच्या किमती घातल्या की ताण येतो सुमारे ०.१५ टक्के, आणि आकार होतो ३० नॅनोमीटर. ही दोन शिखरे मुद्दाम निवडली, कारण ती स्फटिकाच्या एकाच दिशेची आहेत. चांदी सगळ्या दिशांना सारखी ताणली जात नाही. त्यामुळे पाचही शिखरे एका रेषेवर बसवायला गेले तर ठिपके विखुरतात. विखुरलेल्या ठिपक्यांतून जबरदस्तीने रेषा ओढून काढलेल्या ताणाला फारसा अर्थ नसतो.

एकाच भुकटीचे, एकाच आलेखाचे आकडे १७, २१ आणि ३०. यातला कुठलाही आकडा छापला जाऊ शकतो, आणि तो कुठल्या मार्गाने आला हे सांगितले नसेल तर वाचणाऱ्याला फरक कळणार नाही.

यापलीकडच्या दोन मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. स्फटिक १०० नॅनोमीटरचे झाले की आकारामुळे येणारी रुंदी ०.०८ अंशांपर्यंत उतरते, आणि आपल्या यंत्राची स्वतःची रुंदी ०.१० आहे. साध्या यंत्रावर त्यापुढचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. दुसरे असे की एक्सआरडी मोजते ते अणूंच्या रांगा न मोडता सलग जातात एवढ्या तुकड्याचा आकार, ज्याला क्रिस्टलाइट म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणारा एक कण अशा अनेक तुकड्यांचा बनलेला असू शकतो. सूक्ष्मदर्शकात ६० नॅनोमीटर दिसले आणि एक्सआरडीत ३० आले, तर दोन्ही मोजमापे बरोबर असू शकतात. एक्सआरडीच्या आकड्याला ‘कणाचा आकार’ म्हणू नये.

आणि हा पूर्णांकांचा हिशेब घनाकार रचनांसाठीच इतका सरळ चालतो. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड घेतले की दोन वेगवेगळ्या लांबी शोधाव्या लागतात, शिखरे एकमेकांवर चढतात, आणि मग संपूर्ण आलेखच गणिताने जुळवण्याची ह्युगो रिटव्हेल्ड यांची १९६० च्या दशकातली पद्धत वापरावी लागते. तीही करण्याआधी हाताने हा हिशेब एकदा केलेला असावा.

म्हणून प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि ते तपासणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. आकाराचा आकडा लिहिताना त्याच्याशेजारी चार गोष्टी लिहा: कुठले शिखर घेतले, यंत्राची रुंदी किती होती आणि ती कशी वजा केली, K किती धरला, आणि ताण तपासला की नाही. दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी नसतील तर तो अहवाल परत पाठवा.